एमडी साहेबांच्या फोनवर दिसणारी ओळ

आमचे एमडी साहेब मेल टेबलाशी बसून वाचत नाहीत. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याचे ते कार्यकारी संचालक आणि मी त्यांची स्वीय सहायक. गळीत हंगाम संपला की मिल आणि बॉयलर उघडून ठेवलेले असतात, तेव्हा साहेबांचा अर्धा दिवस तिथेच जातो. उरलेला पुण्यात साखर संकुलात, नाहीतर बँकेत. मेल वाचायची त्यांची जागा म्हणजे गाडीची मागची सीट.

त्यांचा इनबॉक्स माझ्या कॉम्प्युटरवरही उघडतो, आणि एकच मेल दोन ठिकाणी किती वेगळा दिसतो हे मला रोज दिसतं. माझ्या स्क्रीनवर विषयाची ओळ ऐसपैस असते, दहा-बारा शब्द सहज मावतात. साहेबांच्या उभ्या धरलेल्या फोनवर वर ठळक अक्षरात पाठवणाऱ्याचं नाव, त्याखाली विषय, त्याखाली फिकट अक्षरात मजकुराची सुरुवात. विषयाला मिळते एकच ओळ. साधारण फोनवर मराठीतले पाच-सहा शब्द बसतात. साहेबांनी चष्म्याच्या कटकटीला कंटाळून अक्षरं मोठी करून ठेवली आहेत, त्यामुळे त्यांच्याकडे चारच. पुढे तीन टिंबं. जो भेट मागतो त्याला हे चार शब्द मिळतात, आणि बहुतेक लोक ते ‘आपल्या’, ‘प्रतिष्ठित’, ‘कारखान्याच्या’ आणि ‘विविध’ यांवर घालवतात.

ही सवय कुठून येते ते उघड आहे. कागदी पत्रात ‘विषय :’ लिहून त्यापुढे ‘भेटीची वेळ मिळणेबाबत’ असं लिहायचं आपल्याला शाळेतल्या अर्जापासून शिकवलेलं असतं. कागदाला ते शोभतंही. आवक विभागात पाकीट फोडलं की पत्र हातात येतं, विषयाच्या खालचा मजकूर त्याच कागदावर असतो, बारनिशीचा कारकून सगळं वाचतो, शिक्का मारतो, आवक क्रमांक टाकतो. विषय मोघम असला तरी कागद हरवत नाही. मेलचं तसं नाही. तो उघडण्याआधी माणसाला नाव, ही ओळ आणि मजकुराची सुरुवात एवढंच दिसतं, आणि ‘बाबत’वाल्या वाक्यात मुद्द्याचा शब्द नेमका शेवटी येतो, म्हणजे तीन टिंबांच्या पलीकडे.

गेल्या काही वर्षांत मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. साहेबांनी ‘हो’ म्हटलं की ती भेट मला त्यांच्या डायरीत आणि फोनच्या कॅलेंडरमध्ये चढवायची असते. मेलचा विषय जसाच्या तसा उचलून तिथे लिहिता आला तर तो विषय चांगला. ‘गुरुवार, ११ वाजता, भेटीची वेळ मिळणेबाबत’ अशी नोंद डायरीत केली तर साहेब मला विचारतील, कोणाची, कशाला? मग मला मेल उघडून, वाचून, त्यातून काम शोधून काढावं लागतं. तेवढं मी करतेच, तो माझ्या नोकरीचा भाग आहे. पण ज्याच्याकडे स्वीय सहायक नाही अशा माणसाला हे कोण करून देणार?

एका प्रकरणात ही ओळ कशी घडत गेली ते सांगते. बॉयलरचं काम करणाऱ्या एका फर्मचा तरुण इंजिनिअर होता. हंगाम संपल्यावर त्याच्या माणसांनी आमच्या बॉयलरच्या बँक ट्यूबची जाडी मोजली होती. अल्ट्रासोनिक गेज नळीच्या बाहेरून टेकवलं की धातू किती उरला आहे ते कळतं. बगॅसच्या राखेने आणि गंजाने नळ्या झिजतात. काही रांगा बऱ्याच पातळ झालेल्या निघाल्या, बाकीच्या बऱ्या होत्या. आमच्या चीफ इंजिनिअरनी अहवाल पाहिला, पण खर्चाचा आकडा मोठा असल्याने निर्णय एमडी साहेबांचा. म्हणून या मुलाने साहेबांना मेल टाकला. विषय होता: ‘आपल्या प्रतिष्ठित कारखान्याच्या विविध कामांसंदर्भात भेटीची वेळ मिळणेबाबत’. पाठवणाऱ्याच्या जागी त्याचं नाव नव्हतं, फर्मचा सामायिक पत्ता होता, म्हणजे वरच्या ठळक ओळीत नुसतं info.

आठवडा गेला. त्याचा मला फोन आला, “मॅडम, साहेबांनी मेल बघितला का?”

बघितला होता. म्हणजे अंगठा त्यावरून सरकला होता. मी त्याला म्हटलं, “तुमचा मेल तुमच्याच फोनवर पाठवून बघा. उघडू नका, नुसती यादी बघा आणि मला वाचून दाखवा.” त्याने वाचलं: “इन्फो. आपल्या प्रतिष्ठित कारखान्याच्या...” आणि गप्प झाला. खालच्या फिकट ओळीत होतं: “महोदय, सप्रेम नमस्कार, आपणांस कळविण्यास आनंद होतो की...” तीन ओळींपैकी एकीतही बॉयलर नव्हता.

त्याने लगेच दुसरा विषय सुचवला: ‘बॉयलर बँक ट्यूब जाडी मोजणी अहवाल’. हा पहिल्यापेक्षा बराच बरा, कारण पहिल्याच शब्दात काम कळतं. तरी मी नको म्हटलं. हे शीर्षक अहवालाचं आहे, भेटीच्या मागणीचं नाही. साहेब ते वाचतील, सोबत फाइल जोडली आहे असं समजतील आणि सवडीने बघू म्हणून तारांकित करून ठेवतील. त्यांचे तारांकित मेल मी पाहिलेत. तिथे मागच्या दिवाळीचेही आहेत.

मग त्याने ‘तातडीचे’ लावू का म्हणून विचारलं. यावर माझं मत जरा कडवट आहे. कारखान्यात खरोखर तातडीचं असतं ते मेलवर येत नाही. मिल थांबली, टर्बाइन ट्रिप झालं, वजनकाट्यावर शेतकऱ्यांनी गाड्या अडवल्या, अशा वेळी फोन वाजतो. ‘तातडीचे’ आणि लाल उद्गारचिन्ह लावून येतात ते बहुधा मार्चअखेर टार्गेट गाठायचं असलेले विक्रेते. साहेबांचं मन त्या शब्दाला सरावलं आहे, तो दिसला की ते मेल आणखी मागे टाकतात. शिवाय चारातला एक शब्द त्यात गेला तो गेलाच. तातडी खरी असेल तर ती तारखेने सांगावी.

तेव्हा मी त्याला तीन गोष्टी विचारल्या. साहेबांनी नेमकं काय ठरवायचं आहे? किती वेळ हवा? आणि कधीपर्यंत नाही ठरलं तर काय अडेल?

ठरवायचं एकच होतं, सगळ्या नळ्या बदलायच्या की फक्त पातळ झालेल्या रांगा. सगळ्या बदलल्या तर खर्च जास्त, पण पुढचे काही हंगाम निश्चिंती. निवडक बदलल्या तर आत्ता पैसे वाचतात, पण उरलेल्या नळ्यांपैकी एखादी ऐन हंगामात फुटली तर बॉयलर थंड करून दुरुस्ती करेपर्यंत गाळप बंद. वेळ वीस मिनिटं पुरेशी. आणि अडणार काय, तर बॉयलरला लागणाऱ्या प्रमाणित नळ्या बाजारातून पिशवीत घालून आणता येत नाहीत. ऑर्डर दिल्यावर त्या यायला आठवडे जातात, नंतर त्या बसवायच्या, मग बाष्पके संचालनालयाच्या निरीक्षकांसमोर हायड्रॉलिक टेस्ट, त्यांचं प्रमाणपत्र, आणि त्यानंतर बॉयलर अग्निप्रदीपन. हे उलटं मोजत आलं की ऑर्डर जूनमध्येच जायला हवी होती.

या उत्तरांमधून विषय तयार झाला: ‘बॉयलर ट्यूब: सगळ्या की निवडक? २० मिनिटे, बुध किंवा गुरु’. साहेबांच्या फोनवर यातलं ‘बॉयलर ट्यूब: सगळ्या की...’ एवढं दिसणार, आणि तेवढं पुरेसं होतं. पुढचा भाग कापला गेला तरी प्रश्न पोचला. क्रम मुद्दाम तसा ठेवला. बरेच जण तारीख आधी लिहितात, ‘बुधवार दि. १२ रोजी सकाळी’ असं. तारखेला महत्त्व आहेच, पण कशाची तारीख हे कळल्याशिवाय ती डोक्यात बसत नाही. आधी काम, मग ठरवायची गोष्ट, मग वेळ. फर्मचं नाव विषयात घेतलंच नाही, ते वरच्या ओळीत यायला हवं. त्यासाठी मी त्याला सामायिक पत्ता सोडून स्वतःच्या पत्त्यावरून आणि नावापुढे फर्मचं छोटं नाव जोडून मेल पाठवायला सांगितलं.

मजकुराची पहिली ओळही बदलली, कारण फिकट अक्षरात तीच दिसते. नमस्कार काढायचा नाही, आपल्याकडे ते बरं दिसत नाही, पण तो दोन शब्दांत उरकता येतो. “नमस्कार साहेब. बुध. ११ किंवा गुरु. ४, आपल्याला कोणती वेळ सोयीची? चीफ इंजिनिअर दोन्ही वेळा मोकळे आहेत.” चीफ इंजिनिअरना त्याने आधी विचारून घेतलं, हे मला फार आवडलं. साहेबांकडून भेटीचं उत्तर उशिरा येण्याचं एक कारण हेच असतं की त्यांना आणखी दोघांना विचारायचं असतं. ते काम आधीच झालेलं दिसलं की उत्तर द्यायला काही उरत नाही.

मेल संध्याकाळी गेला. साहेब कराडच्या पुढे कुठेतरी होते. माझ्या स्क्रीनवर त्यांचं उत्तर उमटलं: “गुरु ४. मागच्या वर्षीचे रीडिंग आणा.” मी डायरीत लिहिलं: ‘गुरु. ४ ते ४.२०, बॉयलर ट्यूब: सगळ्या की निवडक, चीफ इंजि. सोबत’. विषयातला एकही शब्द बदलावा लागला नाही. आणि साहेबांनी मागच्या वर्षीचे आकडे मागितले ते महत्त्वाचं, कारण प्रश्न आधीच कळल्यामुळे ते गाडीतच त्यावर विचार करायला लागले होते. दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की नळी वर्षाला किती झिजते ते निघतं आणि उरलेल्या किती टिकतील याचा अंदाज येतो. भेटीत पातळ रांगा आणि त्यांच्या शेजारची एकेक रांग बदलायचं ठरलं.

आमच्या कार्यालय अधीक्षकांना हा प्रकार पटलेला नाही. त्यांच्या मते साहेबांना विषयाच्या ओळीत प्रश्न विचारणं म्हणजे चहाच्या टपरीवर विचारल्यासारखं आहे. “मॅडम, पदाचा काही मान असतो की नाही?” असं ते मला म्हणाले. मान मजकुरात ठेवावा, विषयात साहेबांच्या वेळेचा मान ठेवावा, असं माझं उत्तर होतं. पण त्यांच्या म्हणण्यातला एक भाग मला मान्य आहे. आम्ही साखर आयुक्तालयाकडे वेळ मागतो तेव्हा मी स्वतः ‘बाबत’ लावूनच लिहिते. तिथे मेल आधी शाखेत जातो, तो विषयावरून फाइलला लागतो, आणि पाहणारा माणूस कॉम्प्युटरसमोर बसून सगळा विषय वाचतो. त्याला प्रश्नापेक्षा आधीच्या पत्राचा जावक क्रमांक आणि तारीख जास्त उपयोगी. ओळ कोण, कुठे, कशावर वाचणार आहे ते आधी ठरवायचं, नियम त्यानंतर.

मराठीत विषय लिहिण्यात आणखी एक अडचण येते आणि ती आमच्याकडे अजूनही दर महिन्याला दिसते. काही जण पत्र जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टाइप करतात आणि तिथलीच विषयाची ओळ उचलून मेलमध्ये चिकटवतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर पत्र सुरेख मराठी दिसतं. आमच्याकडे येते ती इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांची खिचडी. कारण त्या फॉन्टमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेले असतात, आणि विषयाच्या ओळीसोबत फॉन्ट जात नाही, नुसती अक्षरं जातात. पीडीएफ जोडली तर ती नीट दिसते, विषय मात्र नाही. असा मेल साहेब उघडत नाहीत, आणि बँकेच्या नावाने येणाऱ्या फसव्या मेलमुळे त्यांनी उघडू नये असंच आम्ही सांगून ठेवलं आहे. विषय युनिकोडमध्येच लिहावा. फोनच्या मराठी कीबोर्डवर टाइप केला तरी काम होतं.

फसवेपणाची दुसरी एक तऱ्हा मला जास्त चीड आणते. पहिल्यांदाच लिहिणारा माणूस विषयाच्या सुरुवातीला Re: टाकतो, म्हणजे आधीच बोलणं चालू आहे असं वाटून साहेब उघडतील. उघडतातही. मग खाली मागचा काहीच पत्रव्यवहार नसतो. साहेब मला विचारतात, “यांच्याशी आपलं काही झालं होतं का?” मी शोधते, काही नसतं. त्या माणसाला त्यानंतर आमच्याकडे वेळ मिळत नाही. मेल उघडला गेला एवढंच त्याने साधलं.

चांगल्या विषयाचा सर्वांत चांगला नमुना मला एका शेतकऱ्याच्या मुलाकडून मिळाला. तो पुण्यात नोकरीला, वडील गावाकडे. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या आडसाली उसाची कारखान्याकडे नोंद करावी लागते, कारण तोडणीचा क्रम लावणीच्या तारखेवरून लागतो. त्याच्या वडिलांची नोंद यादीत सापडत नव्हती. त्याने लिहिलं: ‘आडसाली नोंद यादीत नाही, सोमवारी सकाळी भेटू का?’ मजकुरात गाव, गट नंबर, लावणीची तारीख आणि नोंदीच्या पावतीचा फोटो. साहेबांनी तो मेल न बोलता शेती अधिकाऱ्यांकडे ढकलला. दुपारपर्यंत चूक सापडली, गट नंबरमधले दोन आकडे उलटे पडले होते. त्या मुलाला उत्तर गेलं की नोंद दुरुस्त केली आहे, येण्याची गरज नाही.

म्हणजे भेट झालीच नाही. स्पष्ट विषयाचं हे असंही होतं, आणि भेट मागणाऱ्याने त्याची तयारी ठेवावी. ज्याला साहेबांसमोर बसून ओळख वाढवायची आहे, चहा घ्यायचा आहे, त्याला असा विषय परवडत नाही, कारण काम मेलवरच उरकतं किंवा योग्य खात्याकडे जातं. कधी उत्तर ‘नको’ असंही येतं. एका सॉफ्टवेअरवाल्याने ‘ऊसतोड नोंद अ‍ॅप: डेमो १५ मिनिटे, मंगळ. ३?’ असं लिहिलं होतं. साहेबांनी दोन मिनिटांत कळवलं, “यंदा खर्च मंजूर नाही. पुढच्या मार्चमध्ये बोला.” माझ्या मते त्या माणसाचा फायदाच झाला. मोघम लिहिलं असतं तर तो महिनाभर मला फोन करत बसला असता.

उत्तर आलंच नाही तर काय करायचं, हे मला सगळ्यांत जास्त विचारलं जातं. दोन दिवस थांबावं आणि त्याच मेलवर उत्तर म्हणून एक ओळ लिहावी, म्हणजे मागचं सगळं खाली राहतं. पण विषयात दिलेली तारीख उलटून गेली असेल तर जुना धागा ओढू नये. शिळी तारीख दिसली की तो विषय संपला असं समजून मेल मागे पडतो. अशा वेळी नव्या तारखेचा नवा मेल लिहावा. जीमेलमध्ये उत्तर देताना विषय बदलला तरी ते वेगळं संभाषण म्हणूनच पडतं, त्यामुळे मजकुरात मागच्या मेलचा मुद्दा एका वाक्यात पुन्हा सांगावा लागतो. ठरलेली वेळ बदलायची असेल तेव्हाही नवा मेल, आणि पहिला शब्द ‘बदल’. ‘बदल: बॉयलर ट्यूब भेट शुक्र. ११’ असा. नाहीतर इनबॉक्समध्ये एकाच भेटीच्या दोन वेळा राहतात. साहेब जुनी वाचून खाली उतरतात आणि पाहुणे अजून इस्लामपूरच्या फाट्यावर असतात.